जागा नको, वीस मिनिटं हवीत

सोलापुरात एका खाजगी क्लासमध्ये मी चार वर्षं केमिस्ट्री शिकवली. त्या चार वर्षांत ब्युरेट हा शब्द फळ्यावर मी काही हजार वेळा लिहिला असेन. प्रत्यक्ष ती काचेची मोजनळी एकदाही हातात धरली नाही. प्रवेश परीक्षेला चार पर्यायांतला एक निवडायचा असतो, त्यासाठी ब्युरेट लागत नाही. माझं एम.एस्सी. ॲनालिटिकल केमिस्ट्रीतलं होतं, म्हणजे कशात काय किती आहे ते शोधून काढायचं शास्त्र. मी शोधून काढत होते ती उत्तरपत्रिकांमधली चुकलेली उत्तरं.

एका डिसेंबरात शहरातल्या एका कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्या क्लासच्या मुलींनी तिथं गुळातल्या साखरेचं प्रमाण काढून दाखवलं होतं, म्हणून मीही गेले होते. परीक्षक म्हणून अकलूजकडच्या एका साखर कारखान्याचे चीफ केमिस्ट आले होते. साठीला टेकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी मुलींचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे किती वेळा करून बघितलं?"

"एकदा, सर."

"दुसऱ्यांदा केलं तर हेच येईल कशावरून?"

मुलींनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडं बघितलं. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही असं काही नाही, झोप लागली. पण सकाळी उठल्यावर वाटलं की हा माणूस दिवसभर काय करतो ते आपल्याला माहीत असायला पाहिजे. क्लास सोडून प्रयोगशाळेत जावं असं मनात होतंच. पण प्रयोगशाळेतलं काम मला पुस्तकात असतं तेवढंच माहीत होतं. लग्नाआधी मुलगा बघतात, जमीन घ्यायच्या आधी सातबारा बघतात. नोकरी मात्र लोक लागल्यावर बघतात.

आमच्या क्लासमध्ये फिजिक्सचे एक सर होते. पुण्यात एका कंपनीत तीन वर्षं काढून ते परत आले होते. मी त्यांना हे बोलून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "सोपं आहे. त्यांच्याकडं वीस मिनिटं मागा. काम कसं असतं एवढंच विचारायचं. नोकरीचा विषय काढायचा नाही. पुण्यात सगळे करतात. मी अशा अकरा लोकांना भेटलो होतो."

"मग?"

"मग मला कळलं की मला त्यातलं काहीच करायचं नाही. म्हणून मी हितं फिजिक्स शिकवतोय."

हे यश की अपयश ते मला ठरवता आलं नाही, पण माहितीतला अनुभवी माणूस एवढाच होता.

ज्या प्राध्यापकांनी प्रदर्शन भरवलं होतं त्यांना मी सरांचा नंबर मागितला. त्यांनी आधी सरांना विचारलं, सर हो म्हणाले, मग नंबर दिला. जानेवारीत मी मेसेज लिहिला. फिजिक्सच्या सरांना दाखवला. तो असा होता: आदरणीय सर, मी एम.एस्सी. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण असून मला चार वर्षांचा अध्यापनाचा अनुभव आहे, आपल्या मार्गदर्शनाची नितांत गरज आहे, सोबत बायोडाटा जोडला आहे.

फिजिक्सच्या सरांनी तो वाचला आणि फोन मला परत दिला. "हा नोकरीचा अर्ज आहे."

"नोकरी हा शब्दच नाही त्यात."

"प्रथम श्रेणी कुणाला सांगतात? आणि बायोडाटा जोडला की विषय संपला. ते तो हजेरी-भरती बघणाऱ्या टाईम ऑफिसला पाठवणार, टाईम ऑफिस फाईलला लावणार. मार्गदर्शन हा शब्दही काढा. आपल्याकडं मार्गदर्शन म्हणजे ओळखीनं काम करून द्या असाच अर्थ घेतात."

बायोडाटा काढला. प्रथम श्रेणी काढली. अनुभव काढला. मार्गदर्शन काढलं. नितांत काढलं. मग मेसेजमध्ये 'आदरणीय सर' एवढंच उरलं. तिथून पुन्हा सुरुवात करून शेवटी असं झालं: मी कोण, तुम्हाला प्रदर्शनात कुठं बघितलं, मुलींना तुम्ही विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्टचा दिवस कसा जातो हे समजून घ्यायचं आहे, कारण शिकवणं सोडून प्रयोगशाळेत काम करावं का हे मला ठरवायचं आहे. तुमच्या सवडीनं वीस मिनिटं मिळाली तर प्रत्यक्ष येईन किंवा फोनवर बोलेन. मी नोकरी मागायला येत नाही. जमण्यासारखं नसेल तरी हरकत नाही.

"'मी नोकरी मागायला येत नाही' हे वाक्य पुण्यात लिहीत नाहीत," फिजिक्सचे सर म्हणाले.

"हे पुणं नाही," मी म्हणाले, आणि ते वाक्य ठेवलं.

मेसेज गेला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. एक आठवडा थांबून एकदाच आठवण करायची असा फिजिक्सच्या सरांचा नियम होता, त्याप्रमाणे केली. पुन्हा दोन निळ्या खुणा. फिजिक्सचे सर म्हणाले, आता तिसऱ्यांदा पाठवू नका. नाही पाठवला.

एप्रिल संपता संपता एका सकाळी त्यांचा मेसेज आला. एकच ओळ होती. 'हंगाम संपला. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता या.'

मला तेव्हा कळलं की मी ऐन गाळपात, कारखाना चोवीस तास चालू असताना, त्या माणसाकडं वीस मिनिटं मागत होते. ते रागावले नव्हते. त्यांनी फक्त हंगाम संपेपर्यंत उत्तर बाजूला ठेवलं होतं.

माझे मामा वेळापूरला असतात. त्यांचा ऊस त्याच कारखान्याला जातो, ते सभासद आहेत. सोलापूरहून एस.टी.नं वेळापूरपर्यंत जायचं आणि तिथून मामांच्या मोटरसायकलवर कारखान्यावर, असं ठरवलं. आदल्या दिवशी मी मामांना फोनवर सगळं समजावून सांगितलं.

"मामा, नोकरीचं काही नाही. नुसतं बोलायला जातीय."

"व्हय व्हय," मामा म्हणाले. "कळतंय की."

"कुणाला काही सांगू नका."

"म्या कशाला सांगतोय?"

मी गुरुवारी पहाटेची गाडी धरली. मेचा पहिला आठवडा होता, नऊ वाजताच एस.टी.चा पत्रा तापला होता. वेळापूरच्या स्टँडवर मामा इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून उभे होते. हातातल्या पिशवीत केळी होती.

"केळी कशाला?"

"साहेबाला."

"मामा, काही द्यायचं नाही."

"मोकळ्या हातानं जातीस व्हय कुणाच्या दारात?"

केळी मोटरसायकलच्या हँडलला अडकवली आणि आम्ही निघालो.

कारखान्याच्या गेटवर नोंदवही होती. नाव, गाव, कुणाला भेटायचं, काम. पहिले तीन रकाने भरले. चौथ्यात मी 'चर्चा' लिहिणार होते, पण पेन रक्षकाच्या हातात होतं.

"काम काय?"

"बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"त्यांचं काम कसं असतं त्याबद्दल."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्ही पेपरवाल्या का?"

"नाही. मी शिक्षिका आहे."

"मग नोकरीसाठी?"

"नोकरीसाठी नाही."

"ताई, ह्यात लिहायला काम पाहिजे. बोलणं हे काम न्हाय." मागं दोन माणसं उभी होती, त्यांना पंपाचे सुटे भाग आत न्यायचे होते. रक्षकानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं: नोकरीसंबंधी. मग तेच एका चिठ्ठीवर उतरवून चिठ्ठी माझ्या हातात दिली. "ही साहेबाला द्या. जाताना त्यांची सही आणा."

मामांना त्यानं गेटवरच्या बाकावर बसवलं. मामा खूश होते. रक्षकानं बरोबर लिहिलं असंच त्यांचं मत होतं.

चिठ्ठी घेऊन मी आत गेले. हंगाम संपल्यावर दुरुस्तीसाठी कारखाना उघडून ठेवला होता. मोठी चाकं, रोलर, पाईप बाहेर काढून मांडले होते, त्यावर माणसं चढून घासत होती. प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती. शेजारच्या काचेच्या खोलीत सर एकटेच बसले होते. मी चिठ्ठी पुढं केली. दुसरा इलाज नव्हता. ती दाखवल्याशिवाय सही मिळाली नसती.

त्यांनी वाचली. "नोकरीसंबंधी."

"सर, ते गेटवर लिहिलंय. मी बोलायचंय असं सांगितलं, तर ते काम नाही म्हणाले."

सरांनी खिशातलं पेन काढलं, 'नोकरी' खोडलं, वर काहीच लिहिलं नाही, खाली सही केली. आता चिठ्ठीवर नुसतं 'संबंधी' उरलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"विचारा."

माझ्याकडं वहीत सहा प्रश्न होते. पहिला होता, हंगामात तुमचा दिवस कसा जातो. सर न थांबता बोलले. आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ अशा तीन पाळ्या. दर तासाला, काही ठिकाणी दर दोन तासांनी नमुने यायचे: कच्चा रस, स्वच्छ केलेला रस, पाक, मळी, चोथा. रसात विरघळलेलं सगळं मिळून किती, त्यात खरी साखर किती, दोन्हींचा हिशोब करून शुद्धता किती. चोथ्यातून किती साखर वाया गेली, मळीतून किती गेली. सगळं तक्त्यात भरायचं आणि सकाळी साखरेचा उतारा काढून वर कळवायचा.

"म्हणजे शंभर टन उसातून किती टन साखर निघाली ते," मी म्हणाले.

"ते पोत्यांवरूनही कळतं. उरलेली कुठं गेली ते आम्ही सांगायचं."

हे मी लिहून घेतलं. दुसरा प्रश्न होता, या कामात काय आवडत नाही. फिजिक्सच्या सरांनी सांगितलं होतं की हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण जाहिरातीत हे कधीच नसतं. सर सांगायला लागले.

"उतारा कमी आला की पहिला फोन लॅबला येतो. ऊस वाळलेला आला, तोडून दोन दिवस गाडीत पडला होता, गिरणीत पाणी कमी घातलं, हे सगळं नंतर. आधी विचारतात, मोजायला चुकलात का. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधीकधी खरंच..."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी उचलला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता, कारण पलीकडचा माणूस फोनवर बोलताना फोनची गरज नसल्यासारखा बोलत होता.

"साहेब, तुमच्याकडं एक पोरगी आलीय बघा. वेळापूरच्या आपल्या सभासदाची भाची. हुशार हाय म्हणं. बघा काय बसतंय का लॅबमधी."

कारखान्याचे संचालक होते. सर माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. नेहमीचं काहीतरी पुन्हा समोर आल्यावर माणूस जसं बघतो तसं ते बघत होते.

"हो साहेब, समोरच बसल्यात," ते म्हणाले. "बघतो." फोन ठेवला. घड्याळ उचलून मनगटावर बांधायला लागले.

"ताई, हे आधी सांगायचं होतं. बायोडाटा द्या, मी टाईम ऑफिसला पाठवतो. जागा नाहीये, पण साहेबांनी सांगितलंय म्हटल्यावर फाईलला राहील."

मामांना कुणाला सांगू नका म्हणून सांगितलं होतं, हे सरांना सांगण्यात अर्थ नव्हता. प्रत्येकाचे मामा न सांगताच फोन करतात.

"सर, बायोडाटा मी आणलेला नाही," मी म्हणाले. "पिशवी बघा पाहिजे तर."

"मोबाईलवर असेल."

"आहे. पण देणार नाही. तो फोन माझ्या मामांनी करायला लावलाय. मी नको म्हटलं होतं, त्यांना ते पटलं नाही, माझं समजावणं कमी पडलं. तुम्ही आत्ता साहेबांना परत फोन लावा आणि सांगा की हिला नोकरी नको."

सर घड्याळाचा पट्टा हातात धरून थांबले. "नोकरी नको?"

इथं मला सोपं होतं. नको म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण ते खरं नव्हतं, आणि हा माणूस लोकांना 'हेच येईल कशावरून' असं विचारणारा होता.

"सर, मला प्रयोगशाळेत काम करावंसं वाटतं. ते मी मेसेजमध्ये लिहिलं होतं. पण तुमच्या लॅबमध्ये करावंसं वाटतं का हे मला माहीत नाही. ते कळायलाच आलेय. आज तुम्ही जागा दिलीत तर मी काय म्हणेन ते मला सांगता येणार नाही. म्हणून देऊ नका."

"देणार नव्हतोच."

"मग आपलं जमतंय, सर."

ते हसले नाहीत. फोन उचलला, नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. याची काही गरज नव्हती, पण त्यांनी टाकला.

"साहेब, त्या म्हणतायत नोकरी नको."

"आँ?"

"नोकरी नको म्हणतायत."

"मग आल्यात कशाला?"

"काम कसं असतं ते विचारायला."

संचालकांच्या आयुष्यात नोकरी नको म्हणायला कुणी फोन केला नसावा.

"खरंच नको?"

"खरंच."

"तिच्या मामाला माहीत हाय का हे?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. "नाही, साहेब."

"बरं. मग सांगा की काय विचारतीय ते," संचालक म्हणाले आणि फोन ठेवला.

सरांनी घड्याळ पुन्हा टेबलावर ठेवलं. "फोनची पाच मिनिटं धरायची नाहीत. कुठं होतो आपण?"

"कधीकधी खरंच, असं म्हणत होतात."

"कधीकधी खरंच आमचीच चूक असते. ते सगळ्यात वाईट."

पुढचं बोलणं वेगळं झालं. आधी ते मला पाठ सांगितल्यासारखं सांगत होते, आता बघून बोलत होते. कारखान्याच्या लॅबमध्ये बी.एस्सी. केमिस्ट्रीवर घेतात, पण वर चढायचं तर साखर तंत्रज्ञानाचा वेगळा डिप्लोमा करावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. बरेच लोक हंगामी असतात, पाच-सहा महिने काम आणि मग पुढच्या हंगामाची वाट, हेही नव्हतं. त्यांच्या लॅबमध्ये आजवर बाई कधी नव्हती. "नको म्हणून नाही," ते म्हणाले, "बारा ते आठच्या पाळीला कसं करायचं हे कुणी ठरवलंच नाही. ठरवायची वेळ आली तर ठरवतील. तुम्ही पहिल्या असाल तर ते तुमच्यावरून ठरेल, एवढं लक्षात ठेवा."

मग त्यांनी मला विचारलं. "शिकवताना तुम्हाला काय आवडतं?"

हे वहीत नव्हतं. मी विचार करून सांगितलं, की एखाद्या मुलाचं उत्तर चुकतं, पण रीत बरोबर दिसते, तेव्हा ती चूक नेमकी कुठल्या ओळीत झाली ते शोधायला आवडतं. एकदा एका मुलाच्या उत्तरातली चूक मी दोन दिवस शोधत होते. त्यानं सातचा एक वाचला होता.

"मग इथं कंटाळाल," सर म्हणाले. "इथं तेच नऊ-दहा नमुने, तेच आकडे, पाच महिने. मला ते आवडतं, मी तसा माणूस आहे. तुम्ही तपासणी प्रयोगशाळा बघा. पाणी, माती, खाण्याचे पदार्थ. तिथं रोज वेगळा नमुना येतो आणि जुळत नाही तेव्हा का जुळत नाही ते शोधणं हेच काम." सोलापुरात औद्योगिक वसाहतीत अशी एक प्रयोगशाळा होती. तिथल्या क्वालिटी मॅनेजर बाईंना ते ओळखत होते. "त्यांच्याशी बोला. मी पाठवलं म्हणून सांगा. मी आधी त्यांना विचारतो आणि मग नंबर पाठवतो."

घड्याळात वीस मिनिटं झाली होती. माझे दोन प्रश्न राहिले होते. मी वही मिटून उठले.

"राहिलेत ना अजून?" त्यांनी वहीकडं बोट केलं.

"वीस मिनिटं झाली, सर."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं." आणखी थांबा असं म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं म्हणतील.

गेटवर मी चिठ्ठी परत केली. रक्षकानं 'संबंधी' वाचलं, उलटून मागं बघितलं आणि वहीला टाचली. मामा बाकावरून उठले.

"काय म्हणले? कवापासनं?"

"मामा, मी नको म्हणाले."

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "संचालकांचा फोन आल्ता का?"

"आला होता."

"आन् तरी न्हाय म्हणलीस?"

"हो."

मोटरसायकल चालू करून आम्ही निघालो. केळी हँडलला तशीच होती. उन्हानं साली काळ्या पडायला लागल्या होत्या. मला वाईट वाटत होतं. मामांनी त्या संचालकांना विचारण्यात स्वतःची पत खर्च केली होती, आणि ती मी मागितली नव्हती म्हणून वाया घालवली होती. अर्ध्या वाटेत त्यांनी रस्त्याकडेला लिंबाखाली गाडी थांबवली, एक केळ मला दिलं, एक स्वतः सोललं.

"मग काय बोललात एवढा वेळ?"

मी सांगितलं. रस, पाक, मळी, चोथा, पाळ्या. मामा पंचवीस वर्षं त्या कारखान्याला ऊस घालत होते, पण तो आत गेल्यावर त्याचं काय होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ऐकता ऐकता ते केळ खायचे थांबले.

"उतारा आमच्या उसाचा येगळा मोजत्यात का? म्हंजी माझा ऊस चांगला आसंल तर?"

"नाही. सगळ्यांचा एकत्रच गाळला जातो. दिवसाचा मिळून एक आकडा निघतो."

"म्हंजी त्या पलीकडच्या वस्तीवरचा वाळका ऊस आन् माझा एकाच आकड्यात?"

"हो."

मामांनी केळ संपवलं. "हे इचारायला पायजे व्हतं मला कवाच," ते म्हणाले. त्यानंतर वेळापूरपर्यंत ते पलीकडच्या वस्तीबद्दल बोलत राहिले. माझ्या नोकरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी सोलापुरात पोहोचल्यावर मी सरांना मेसेज केला. आभार, आणि कुठली गोष्ट मला माहीत नव्हती ती एक ओळ. मामांच्या फोनबद्दल पुन्हा माफी मागायची नाही असं ठरवलं होतं, पण मागितली. त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं: क्वालिटी मॅनेजर बाईंचा नंबर, आणि पुढं 'विचारलंय. हो म्हणाल्या.'

बाईंना मी तसाच मेसेज पाठवला. त्यांनी त्याच दिवशी फोन केला. पहिलं वाक्य होतं, "सध्या आमच्याकडं जागा नाही बरं का." मी म्हणाले, जागा नकोच आहे, मेसेजमध्ये लिहिलंय तसं. त्या म्हणाल्या, मग या. त्यांच्याकडं मी बावीस मिनिटं होते. दोन मिनिटं एक मशीन बंद पडलं म्हणून त्या उठून गेल्या होत्या. त्यांनी मला एक रिपोर्ट दाखवला, ज्यात विहिरीच्या पाण्याचे दोन आकडे एकमेकांना जुळत नव्हते, आणि विचारलं, काय वाटतं? मी चूक शोधायला लागले. त्या म्हणाल्या, आत्ता नको, घरी जाऊन विचार करा. मी घरी जाऊन विचार केला आणि जे वाटलं ते कळवलं. ते चुकीचं होतं. त्यांनी तसं सांगितलं, आणि बरोबर काय तेही सांगितलं.

पावसाळ्यानंतर त्यांच्या प्रयोगशाळेची जाहिरात आली, ज्युनिअर ॲनालिस्टची एक जागा. आता अर्ज करायची वेळ होती, म्हणून अर्ज केला, बायोडाटा जोडला, प्रथम श्रेणी लिहिली. लेखी परीक्षा झाली, मग प्रात्यक्षिक. सात जण होतो. निवड दुसऱ्या एका मुलाची झाली. त्याला दोन वर्षांचा अनुभव होता. बाईंनी मला स्वतः फोन करून सांगितलं, आणि ब्युरेटमधून थेंब सोडून प्रमाण काढायचं तुमचं टायट्रेशन सावकाश होतं, हेही सांगितलं. चार वर्षं फळ्यावर केल्यामुळं ते सावकाशच होणार होतं. मी कॉलेजातल्या त्या प्राध्यापकांना विचारून त्यांच्या प्रयोगशाळेत रविवारी जायला लागले. तीन महिने दर रविवारी तेच करत होते, प्रत्येक वेळी तीनदा.

दुसरी जागा फेब्रुवारीत निघाली. त्या वेळी माझी निवड झाली, रुजू व्हायचं होतं एप्रिलच्या मध्यात. क्लासमधल्या शेवटच्या दिवशी फिजिक्सच्या सरांनी हातात हात दिला आणि म्हणाले, "मला अकरा जणांशी बोलावं लागलं, तुम्हाला एकाशीच." मी म्हणाले, दोघांशी. ते म्हणाले, तेच.

चीफ केमिस्ट सरांना कळवायचं होतं, पण हंगाम चालू होता. एप्रिल संपेपर्यंत थांबले, मग कळवलं. त्यांनी लगेच फोन केला. अभिनंदन म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात घाई नव्हती. या वर्षी लॅबमध्ये एका मुलीला घेतल्याचं त्यांनी सांगितलं, दिवसपाळीला. रात्रपाळीचं अजून ठरलं नव्हतं. मग विचारलं, "काम कसं आहे?"

नऊ दिवस झाले होते मला. पहिले आठ दिवस मी काचेची भांडी धुतली होती, आधी साबणानं, मग आम्लानं, मग तीन वेळा डिस्टिल्ड पाण्यानं. नवव्या दिवशी पिपेट हातात दिली होती. हे मी कुणालाच विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

"चांगलं आहे, सर," मी म्हणाले. "भांडी धुतेय."

"किती दिवस?"

"आठ."

"आम्ही पंधरा दिवस धुवायला लावतो," ते म्हणाले.